पंचांगावरचे दोन डाग

बंगालच्या उत्तरेला, हिमालयाच्या पायथ्याशी जलपायगुडी हा चहामळ्यांचा जिल्हा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका मळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. तिजोरी आणि कागदपत्रांची पेटी उचकटलेली होती. काही शे रुपये गेले होते. संशय घ्यायला माणसे पुष्कळ होती. मळ्यावरचे मजूर होते, कारण व्यवस्थापक कडक होता. जवळच मुक्काम ठोकलेली काबुल्यांची टोळी होती. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर तर रक्ताचे शिंतोडेच होते. त्याचे म्हणणे, साहेबांच्या जेवणासाठी कबुतर कापले होते. आणि एक जुना नोकर होता, कांगाली चरण. याच व्यवस्थापकाने त्याला चोरीच्या आरोपावरून तुरुंगात धाडले होते आणि तो नुकताच सुटला होता. मात्र तो त्या भागात फिरकल्याचे कोणी सांगत नव्हते.

पेटीतल्या कागदांमध्ये एक बंगाली पंचांग निघाले. त्याच्या फिकट निळ्या वेष्टनावर चित्र छापलेले होते आणि त्या चित्रावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली धरल्यावर त्यांतल्या एका डागात अंगठ्याच्या रेषा दिसल्या.

न्यायसहायक विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ठसे, रक्त आणि दस्तऐवज हे तीन विषय एकाच प्रकरणात येतात, आणि विद्यार्थी ते तीन वेगळ्या याद्या म्हणून पाठ करतात. जलपायगुडीच्या या एका डागात तिन्ही विषय एकत्र आले आहेत. म्हणून ते प्रकरण याच डागाच्या आधाराने समजून घेऊ.

ठसा: हे बोट कोणाचे?

बोटांच्या टोकांवरची त्वचा सपाट नसते. तिच्यावर बारीक उंचवट्यांच्या रेषा असतात आणि त्या रेषांवर घामाची छिद्रे असतात. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात या रेषा घडू लागतात, आणि त्यांची मांडणी नंतर आयुष्यभर बदलत नाही. वरवरची जखम भरून आली की त्याच रेषा पुन्हा येतात. जखम खोल असेल तर कायमचा व्रण राहतो, आणि तोही ओळखीची खूण ठरतो. जुळ्या भावंडांचे डीएनए एकसारखे असले तरी ठसे वेगळे असतात, कारण रेषा घडताना गर्भातल्या बारीकसारीक दाबांचा आणि हालचालींचाही त्यांच्यावर परिणाम होतो. कायमपणा आणि वेगळेपणा ही या शास्त्राची दोन तत्त्वे आहेत.

रेषांच्या ढोबळ आकृत्या मुख्यतः तीन आहेत: कमान, शंख आणि चक्र. सर्वाधिक बोटांवर शंख असतो, त्याखालोखाल चक्र, आणि कमान सर्वांत कमी. परंतु नुसती आकृती जुळली म्हणून माणूस ओळखला जात नाही. शंख तर कोट्यवधी बोटांवर आहे. ओळख पटते ती बारकाव्यांवरून. कुठे रेषा मध्येच संपते, कुठे ती दुभंगते, कुठे एक आखूड तुकडा बेटासारखा सुटा पडतो. हे बारकावे कोणते आहेत, एकमेकांपासून किती रेषांवर आहेत आणि कोणत्या दिशेला आहेत, हे तज्ज्ञ दोन्ही ठशांत पडताळतो. एकही न उलगडणारा फरक निघाला तर बाकीचे साम्य फोल ठरते.

कलकत्त्यात १८९७ मध्ये जगातले पहिले अंगुली मुद्रा केंद्र सुरू झाले होते. तिथली वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री या पोलीस महानिरीक्षकाच्या नावाने ओळखली जाते, पण तिचे गणित बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धत अशी: दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, पुढच्या जोड्यांना ८, ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. जोडीतल्या एका बोटाचे गुण अंशात मिळवायचे, दुसऱ्याचे छेदात, आणि दोन्हींकडे एकेक वाढवायचा. समजा, फक्त उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या तर्जनीवर चक्र आहे. ही पहिली जोडी, म्हणून दोघांचे सोळा-सोळा. त्या माणसाचा वर्ग झाला १७/१७. कोणालाच चक्र नसेल तर १/१. अशा ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ वर्गांत सगळे कागद विभागले जात. तुरुंगात आलेला माणूस नाव बदलून सांगत असला, तरी त्याच्या दहा बोटांवरून जुना कागद काढता येई.

पण या कपाटाची एक मर्यादा आहे, आणि जलपायगुडीत ती महत्त्वाची ठरते. वर्ग काढायला दहाही बोटे लागतात. पंचांगावर एकाच अंगठ्याचा तुकडा होता, आणि त्यावरून हजारो कागदांत शोध घेणे अशक्य होते. आधी संशयिताचे नाव यावे लागले. कांगालीला पूर्वी शिक्षा झालेली असल्याने त्याचे ठसे केंद्रात होते. त्याच्या उजव्या अंगठ्याशी डाग जुळला. मग बीरभूम जिल्ह्यात त्याला पकडून कलकत्त्याला आणले, अंगठ्याचा ठसा नव्याने घेतला आणि पुन्हा ताडून पाहिला. ही दुसरी पायरी आजही टाळत नाहीत, कारण दप्तरातला कागद त्याच माणसाचा आहे, हेही सिद्ध करावे लागते.

आता देशपातळीवर नाफिस आणि महाराष्ट्र पोलिसांकडे अँबिस या संगणक प्रणाली आहेत. एका बोटाचा अर्धवट ठसाही त्यांत शोधता येतो. मात्र संगणक फक्त सर्वांत जवळच्या ठशांची यादी देतो. निर्णय तज्ज्ञाचा असतो. त्यातून नवा धोका उभा राहिला. कोट्यवधी ठशांतून शोधलेला सर्वांत जवळचा परका ठसा हा अतिशय जवळचा असतो. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटानंतर एका पिशवीवर ठसा मिळाला. संगणकाने काढलेल्या यादीवरून अमेरिकेच्या एफबीआयने ऑरेगॉनमधल्या एका वकिलाला पकडले. एकापेक्षा अधिक तज्ज्ञांनी त्या निष्कर्षाला दुजोरा दिला होता. तो माणूस सुमारे दोन आठवडे अटकेत राहिला, आणि मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवले. चौकशीत दिसले ते असे: एकदा साम्य मनात बसल्यावर तज्ज्ञ ज्ञात ठशात जे दिसते तेच अस्पष्ट ठशात शोधत गेले, आणि जे फरक होते त्यांना कारणे देत गेले. म्हणून आधी घटनास्थळावरच्या ठशाचे बारकावे एकटेच नोंदवायचे, मगच संशयिताचा ठसा पुढे घ्यायचा, ही शिस्त आहे.

रक्त: पायरीपायरीने अरुंद होत जाणारा प्रश्न

तपकिरी डाग म्हणजे रक्त असे नाही. तो गंज असेल, पानाची पिंक असेल, रंग असेल. म्हणून रक्ताच्या तपासात प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतात: रक्त आहे का, असल्यास माणसाचे आहे का, आणि मग कोणाचे आहे.

पहिल्या प्रश्नाला प्राथमिक चाचणी आहे. ओलसर पट्टीने डागाच्या कडेचा अंश उचलतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे रंगहीन केलेले द्रावण टाकतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्त असल्यास काही सेकंदांत गुलाबी रंग येतो, कारण हिमोग्लोबिन पेरॉक्साइडची क्रिया वेगाने घडवते. पेरॉक्साइड टाकण्याआधीच गुलाबी झाले, तर दुसऱ्याच एखाद्या रसायनाने फसवले असे समजतात. बटाट्याचा किंवा मुळ्याचा रसही पेरॉक्साइडनंतर गुलाबी रंग देऊ शकतो. म्हणून ही चाचणी ‘रक्त असू शकते’ एवढेच सांगते. ती नकारात्मक आली तर मात्र पुढे जायचे कारण सहसा उरत नाही. धुतलेल्या फरशीवर, अंधारात निळसर चमकणारे ल्युमिनॉलही याच जातीचे, आणि ते ब्लीचिंगलाही चमकते. खात्रीसाठी ताकायामा चाचणी करतात. तिच्यात रक्तापासून गुलाबी, पिसासारखे स्फटिक तयार होतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

पुढचा प्रश्न प्राण्याचा. इथे स्वयंपाक्याचे कबुतर आठवावे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि त्यांत केंद्रक असते. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते. सरकारी रसायन परीक्षकाने पंचांगावरचे डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे असल्याचे प्रमाणित केले. त्यामुळे पंचांगावर कबुतराचे रक्त असण्याची शक्यता संपली. पण ते बकऱ्याचे की माणसाचे, हे सांगण्याची सोय १८९८ मध्ये नव्हती. ती तीनच वर्षांनी आली. १९०१ मध्ये जर्मनीत पॉल उहलेनहूट यांनी दाखवले की सशाला मानवी रक्ताची प्रथिने टोचली, तर सशाच्या रक्तद्रवात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तो द्रव मानवी रक्ताच्या अर्काला भेटला की पांढुरका गढूळपणा येतो. बकऱ्याच्या रक्ताला येत नाही. आज प्रयोगशाळेत मानवी हिमोग्लोबिनची पट्टी वापरतात, ती याच तत्त्वावर चालते.

तिसरा प्रश्न, कोणाचे? रक्तगटाने काही माणसे वगळता येतात, पण एका माणसावर बोट ठेवता येत नाही. ते काम डीएनए करतो, आणि तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून मिळतो. जलपायगुडीचा डाग आजच्या प्रयोगशाळेत आला असता, तर बहुधा एकाच डागाने दोन माणसे दाखवली असती: रेषा आरोपीच्या आणि रक्त मृताचे.

या जोडीचे मोल मोठे आहे. साधा ठसा कधी उमटला, हे सांगता येत नाही. कांगाली त्याच घरी नोकर होता. घामाचा ठसा असता तर तो नोकरीच्या काळातला आहे, असे वकील म्हणू शकला असता. रक्ताने मात्र ठशाला वेळ चिकटवली. तरीही एक काळजी घ्यावी लागते. रक्त लागलेले बोट कोरड्या कागदावर टेकले, तर उंचवटे गडद उमटतात. स्वच्छ बोट आधीच पडलेल्या ओल्या रक्तात दाबले, तर उंचवटे रक्त बाजूला सारतात आणि मधल्या खाचा गडद दिसतात. दोन्ही घटना वेगळ्या आहेत, आणि हा फरक न ओळखता ठसा जुळवायला बसलेला तज्ज्ञ फसू शकतो.

कागद: लिहिलेले, खोडलेले आणि दबलेले

दस्तऐवज परीक्षकाची पहिली हत्यारे म्हणजे प्रकाश आणि गाळण्या. पंचांगाची अडचण घ्या. तपकिरी ठसा छापील निळ्या चित्रावर पडला होता. रेषा चित्रात मिसळत होत्या. कॅमेऱ्यासमोर निळी गाळणी लावली की निळी पार्श्वभूमी फिकी पडते आणि तपकिरी गडद होतो. रक्त ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश विशेष जोराने शोषते. त्यामुळे आज तसा प्रकाश टाकला तर रसायनाचा थेंबही न वापरता ठसा उठून दिसतो.

शाईलाही हेच तत्त्व लावतात. समजा, हातउसन्याच्या चिठ्ठीवर ७०० रुपये लिहिले होते आणि नंतर कोणी पुढे १ चढवून १७०० केले. दोन्ही पेने निळी, डोळ्यांना फरक दिसत नाही. अवरक्त प्रकाशात मात्र काही शाया अदृश्य होतात आणि काही काळ्याच राहतात, कारण त्यांचे रंग वेगळ्या रसायनांचे असतात. ७०० नाहीसे झाले आणि १ तसाच उरला, तर पेन दोन होते हे उघड झाले. उलट, दोन्ही सारखेच दिसले तर पेन एकच होते असे सिद्ध होत नाही. फक्त या प्रकाशाला फरक सापडला नाही, इतकेच. मग सुईने शाईचे सूक्ष्म तुकडे काढून पातळ थरावर त्यांचे रंग वेगळे करून पाहतात. हा तपास कागदाला इजा करतो, म्हणून तो शेवटी.

वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर दाब उमटतो. तिरपा प्रकाश टाकला की तो सावलीने दिसतो. फारच पुसट असल्यास कागदावर पातळ फिल्म बसवून तिला विद्युतभार देतात आणि वर झेरॉक्सची पूड सोडतात. दबलेली अक्षरे काळी होऊन उमटतात. घरी करतात तसे पेन्सिल घासून पाहणे तपासात चालत नाही, कारण त्याने पुरावा कायमचा बिघडतो.

हस्ताक्षराचे तत्त्व ठशाहून वेगळे आहे. ठसा स्थिर असतो, अक्षर बदलते. एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत एकमेकींवर बसत नाहीत. म्हणून अगदी तंतोतंत बसल्या, तर त्यांतली एक काचेवर ठेवून गिरवली असावी, असा संशय घेतात. तज्ज्ञ आधी त्या माणसाच्या अक्षरातल्या नैसर्गिक चढउतारांचा पल्ला ठरवतो, मग वादग्रस्त सही त्या पल्ल्यात बसते का, ते पाहतो. देवनागरीत पाहण्यासारखे पुष्कळ असते: शिरोरेखा अक्षरागणिक ओढली की शब्द संपल्यावर, ती चढती आहे की उतरती, अनुस्वार कुठे पडतो, ‘क’चे पोट कोणत्या फटक्याने पूर्ण होते. नक्कल करणारा आकार उचलतो, पण त्याला वेग उचलता येत नाही. मग रेषा थरथरते, भलत्याच जागी पेन उचलले जाते, शेवट बोथट होतात आणि दाब सगळीकडे एकसारखा पडतो.

यासाठी तुलनेचे नमुने दोन प्रकारचे लागतात. वाद सुरू होण्याआधी सहज लिहिलेले, जसे बँकेची कागदपत्रे, अर्ज, जुनी पत्रे. आणि तपासात सांगून लिहवून घेतलेले. दुसऱ्या प्रकारात माणूस अक्षर मुद्दाम बदलू शकतो, म्हणून पुष्कळ नमुने वेगवेगळ्या कागदांवर, मजकूर तोंडी सांगून घेतात. मूळ कागद दाखवत नाहीत. मूळ दस्तऐवज नसून झेरॉक्स असेल, तर दाब आणि शाई दोन्ही हरवतात आणि तज्ज्ञाचे हात बरेचसे बांधले जातात.

क्रम चुकला की पुरावा गेला

तिन्ही शाखांना एकाच कागदावर काम करायचे असेल, तर क्रम ठरवावाच लागतो. कागदावरचे घामाचे अदृश्य ठसे निनहायड्रिनने उठवतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळा रंग येतो. पण त्या द्रावणाने शाई पसरू शकते आणि दबलेली अक्षरे सापडणे बंद होते. म्हणून आधी छायाचित्र, मग प्रकाशाचे तपास, मग दबलेली अक्षरे, रक्ताचा अंश रेषा सोडून कडेवरून, आणि निनहायड्रिन त्यानंतर. रक्ताचा पुसट ठसा गडद करायचा असल्यास प्रथिनांना काळानिळा रंग देणारा अमायडो ब्लॅक वापरतात. डीएनएसाठीचा अंश त्याआधीच काढून ठेवतात. घटनास्थळी पंचनाम्याच्या वेळी रक्ताळलेला मुद्देमाल सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही.

जलपायगुडीच्या खटल्याचा निकाल १८९८ मध्ये लागला. सत्र न्यायालयाने कांगाली चरणला चोरीसाठी दोषी ठरवले आणि खुनातून सोडले. रक्ताळलेल्या अंगठ्याने पेटी उचकटली हे पटले होते. गळा त्यानेच चिरला हे कोणी पाहिले नव्हते, आणि तसे सांगणे अंगठ्याच्या कुवतीबाहेरचे होते. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, भारतीय पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांबाबत तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले जाऊ लागले.

थोडक्यात उत्तरे

ज्यांना हे प्रकरण परीक्षेसाठी वाचायचे आहे, त्यांना लघुत्तरी प्रश्नांत साधारण हे मुद्दे लागतात.

ठशांची दोन तत्त्वे कोणती? कायमपणा आणि वेगळेपणा. वर्गीकरण आकृतीवरून होते, ओळख बारकाव्यांवरून.

घटनास्थळावरचे ठसे किती प्रकारचे? तीन. डोळ्यांना दिसणारे, जसे रक्ताचे किंवा ग्रीसचे. मऊ पदार्थात रुतलेले, जसे मेणात किंवा ओल्या रंगात. आणि अदृश्य, घामाचे, जे पूड किंवा रसायनाने उठवावे लागतात.

जुळणारे किती बारकावे पुरेत? सर्वमान्य आकडा नाही. इंग्लंडमधला सोळा बारकाव्यांचा दंडकही २००१ मध्ये सोडून देण्यात आला. आकड्याइतकाच ठशाचा स्पष्टपणा मोलाचा.

प्राथमिक आणि खात्रीची चाचणी यांत फरक काय? पहिली संवेदनशील पण फसू शकणारी, तिचे मोल नकारात. दुसरी कमी संवेदनशील पण रक्तालाच लागू पडणारी.

गिरवलेली सही कशी ओळखावी? थरथर, अनैसर्गिक थांबे, सारखा दाब, बोथट टोके आणि मूळ सहीशी संशयास्पद तंतोतंतपणा.

आरोपीचा ठसा किंवा हस्ताक्षर घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे आहे का? नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ठसा देणे म्हणजे स्वतःच्या माहितीतून काही सांगणे नव्हे.

तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक असते का? नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार ते मत विचारात घेण्याजोगे असते. बोट कोणाचे, एवढे तज्ज्ञ सांगू शकतो, गुन्हा कोणाचा हे न्यायाधीशाला इतर पुराव्यांसह ठरवावे लागते.